आजीच्या ओव्यांचा व्हिडिओ काढून पुन्हा टाकायचा आहे, खालच्या कमेंट्सचं काय होईल?

सुगंधा_माणदेश

नमस्कार. घाईत लिहितेय, कारण आज रात्रीच काहीतरी करावं लागणार आहे.

२०१८ मध्ये मी माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकल्या. एकच सलग व्हिडिओ, ४१ मिनिटांचा. आजी २०२१ मध्ये गेली. व्हिडिओ मात्र हळूहळू पसरत गेला आणि आज त्याला ९१ हजार व्ह्यूज आणि ४१२ कमेंट आहेत. कमेंट म्हणजे नुसते "छान" आणि हात जोडलेले नव्हेत. बायकांनी आपापल्या गावच्या ओव्या खाली लिहिल्यात. "सरलं दळण सरलं म्हणू कशी" या ओळीखाली तर अकरा जणींनी पुढची ओळ आपल्याकडे कशी म्हणतात ते लिहिलंय. कुणाच्या गावात "भरल्या दोन्ही राशी", कुणाच्या गावात वेगळंच काही. आजी गेल्यावर मी त्या कमेंट वाचून काढल्या, तेव्हा आजी अजून दळतेय असं वाटलं.

आता अडचण अशी. १२:१० ते १४:३५ या वेळात आजी जातं थांबवून शेजारच्या काकूंशी बोलते. बोलता बोलता आमच्या आत्याच्या सासरची एक घरगुती गोष्ट निघते. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. आता आत्याच्या सासरच्या कुणीतरी ते ऐकलं आणि घरात मोठं वादळ झालं. आत्याचा फोन आला, रडत होती. "आज तो व्हिडिओ काढ" एवढंच म्हणाली. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

मी ठरवलंय की डिलीट करायचा, तेवढा भाग कापायचा आणि पुन्हा टाकायचा. पण नवीन टाकला की जुन्या कमेंट त्याला जोडता येतात का? आणि लोकांनी ज्या ज्या ग्रुपात लिंक पाठवली आहे तिचं काय होतं?

बाळू_निंबाळकर

ताई, बिनधास्त डिलीट करा. तीस दिवस ट्रॅशमध्ये राहतं, चुकलं तर परत घ्या. मी फेसबुकवर दोनदा केलंय, लाईक-कमेंटसकट परत आलं.

तारायंत्र

सुगंधाताई, थांबा. कृपया डिलीटला हात लावू नका.

बाळूभाऊंचं फेसबुकपुरतं खरं आहे. तिथे ट्रॅश आहे आणि ३० दिवस मिळतात. इंस्टाग्रामवरही "नुकतंच डिलीट केलेलं" अशी जागा आहे, तिथेही ३० दिवस. यूट्यूबवर असं काहीही नाही. तिथे डिलीट करताना एक खूण करून कबूल करावं लागतं की हे कायमचं आहे आणि परत फिरवता येणार नाही, आणि बटणावरच `Delete forever` लिहिलेलं असतं. ते अक्षरशः घ्यायचं. व्हिडिओ जातो, त्याबरोबर ४१२ कमेंट जातात आणि त्या तुमच्याकडे कुठल्याही रूपात उरत नाहीत.

आता मूळ प्रश्न. नवीन टाकला तर जुन्या कमेंट जोडता येतात का? नाही. यूट्यूबवरच्या प्रत्येक व्हिडिओला अकरा अक्षरांची एक ओळख मिळते, लिंकमध्ये `v=` नंतर दिसते ती. कमेंट, लाईक, व्ह्यूज, प्लेलिस्टमधली जागा, लोकांनी फिरवलेल्या लिंका, सगळं त्या अकरा अक्षरांना बांधलेलं असतं. तुम्ही तीच फाइल पुन्हा चढवलीत, अगदी एका सेकंदाचाही फरक न करता, तरी तिला नवीन ओळख मिळते आणि तो सर्वस्वी नवीन व्हिडिओ ठरतो. जुन्या ओळखीखाली नवी फाइल बसवायची सोय सामान्य चॅनेलला नाही. जुन्या लिंकवर जाणाऱ्याला "व्हिडिओ उपलब्ध नाही" अशी काळी चौकट दिसेल. नव्याकडे वळवायचा तिथे काही मार्ग नाही.

पण तुम्हाला डिलीट करायची गरजच नाही. तेवढी सव्वादोन-अडीच मिनिटं त्याच व्हिडिओतून, त्याच लिंकवर कापता येतात. संध्याकाळी घरी पोचलो की सविस्तर लिहितो. तोवर फक्त डिलीट करू नका.

बाळू_निंबाळकर

तारायंत्र, बरं झालं सांगितलंत. मला सगळीकडे सारखंच असेल असं वाटलं. ताई, माफ करा.

मृण्मयी_डोंबिवली

ताई, मग सध्या प्रायव्हेट करून टाका ना. माझी एक रील होती, गौरीच्या आरासाची. नणंदेला तिचा फोटो नको होता म्हणून मी आर्काइव्ह केली. चार महिन्यांनी ती स्वतःच म्हणाली, ठेव. परत आणली तर सगळे लाईक, सगळ्या कमेंट जशाच्या तशा, आणि प्रोफाइलवर जुन्याच जागी जाऊन बसली. मधल्या काळात मैत्रिणींना मेसेजमध्ये पाठवलेली रील मात्र उघडत नव्हती. परत आणल्यावर तीही उघडायला लागली.

सुगंधा_माणदेश

मृण्मयी, हे छान वाटतंय. प्रायव्हेट आत्ता लगेच करते. आत्याला सांगता तरी येईल.

तारायंत्र

बसमध्येच आहे, पण हे आधी लिहितो. सुगंधाताई, प्रायव्हेट करायच्या आधी कमेंट उतरवून घ्या. क्रम महत्त्वाचा आहे.

प्रायव्हेट केल्यावर व्हिडिओखाली कमेंट दिसतच नाहीत. तुम्ही ईमेल देऊन ज्यांना बघायची परवानगी दिली असेल त्यांनाही नाहीत. त्या नष्ट होत नाहीत, पुन्हा पब्लिक केलात की परत दिसतात. मृण्मयीताईंच्या रीलसारखंच. पण झाकलेल्या असताना बाहेरून त्यांची प्रत काढता येत नाही. पुढे काही चुकलं, कुणाकडून भलतं बटण दाबलं गेलं, तर हातात काही तरी असावं.

गूगलच्या टेकआउटवर विसंबू नका. तिथून तुमचे स्वतःचे व्हिडिओ मिळतात आणि तुम्ही स्वतः लिहिलेल्या कमेंट मिळतात. इतरांनी तुमच्या व्हिडिओखाली लिहिलेल्या कमेंट त्यात येत नाहीत. पुष्कळ लोक टेकआउट घेतात, निर्धास्तपणे डिलीट करतात आणि नंतर फाइल उघडून बघतात.

कॉम्प्युटरवर साधा मार्ग असा. व्हिडिओचं पान उघडा, शेवटच्या कमेंटपर्यंत खाली सरकवत जा, प्रत्येक कमेंटखालची "उत्तरं" उघडा आणि मग पान पीडीएफ म्हणून जतन करा. ४१२ ला अर्धा तास लागेल. उत्तरं उघडायला विसरू नका, नाहीतर त्या अकरा जणींपैकी पहिलीच तेवढी फाइलमध्ये येईल. घरात कुणाला कमांड चालवता येत असेल तर याने काम पाच मिनिटांत होतं:

```
yt-dlp --skip-download --write-comments "व्हिडिओची लिंक"
```

व्हिडिओ उतरत नाही, फक्त `.info.json` नावाची एक फाइल तयार होते. तीत प्रत्येक कमेंटचा मजकूर, लिहिणाऱ्याचं नाव, वेळ आणि ती कुणाला दिलेलं उत्तर आहे, हे सगळं असतं.

सुगंधा_माणदेश

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने केलं. फाइल आली, ४१२ च्या ४१२. त्याने एक्सेलमध्ये काढून दिल्या, दोन पेनड्राइव्हवर ठेवल्या. आता ९:२० ला प्रायव्हेट केला. आत्याला फोन करून सांगितलं. ती थोडी शांत झाली.

वसंत_कुलकर्णी_निवृत्त

माझ्या मते कमेंट बंद करणे हाच योग्य मार्ग. लोक काहीही लिहितात. मी माझ्या प्रवासाच्या व्हिडिओवर कमेंट बंद केल्या, त्या कायमच्या पुसल्या गेल्या आणि डोक्याचा ताप गेला.

तारायंत्र

वसंतकाका, ताईंना कमेंट ठेवायच्या आहेत, त्रास व्हिडिओतल्या बोलण्याचा आहे. पण तुमच्या कमेंटही पुसल्या गेलेल्या नाहीत हं. बंद केल्या की झाकल्या जातात, चालू केल्या की सगळ्या परत येतात. एक-एक काढून टाकलेल्या कमेंटच फक्त जातात. आता `Pause` असाही एक पर्याय आहे. त्यात जुन्या दिसत राहतात आणि नवीन लिहिता येत नाही. जुनी चर्चा जपायची आहे पण रोज लक्ष ठेवायला वेळ नाही, अशांना तो चांगला.

वसंत_कुलकर्णी_निवृत्त

चालू करून पाहिल्या. खरंच सगळ्या आहेत. पाच वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या मित्राचीही एक निघाली. धन्यवाद.

तारायंत्र

काका, ती आठवणीने उतरवून ठेवा.

सुगंधाताई, आता कापण्याचं. कॉम्प्युटरवर यूट्यूब स्टुडिओ उघडा. तुमचा व्हिडिओ निवडून डावीकडे `Editor`. त्यात `Trim & cut`, मग `New cut`. टाइमलाइनवर लाल चौकट येते. तिची सुरुवात १२:१० वर आणि शेवट १४:३५ वर आणा. वेळ आकड्यांत टाईप करता येते, माऊसने ओढत बसू नका. मग खूण करून पक्कं करा आणि जतन करण्याआधी सांधा तीन-चार वेळा ऐका. आजीने जातं पुन्हा कधी धरलं ते नीट बघा, नाहीतर ओवीचा पहिला शब्द कापला जाईल. नुसता चेहरा झाकायचा असता तर धूसर करण्याची सोय वापरता आली असती, पण तिने आवाज जात नाही. तुम्हाला कापावंच लागेल.

`Save` केल्यावर व्हिडिओवर प्रक्रिया होते. ४१ मिनिटांना काही तास लागू शकतात. ती पूर्ण होईपर्यंत लोकांना जुनाच दिसत राहतो. म्हणूनच तुम्ही तो प्रायव्हेट करून ठेवलात ते उत्तम झालं. कापलेलं रूप स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा आणि मगच पब्लिक करा. `Save as new` असं दिसलं तर ते दाबू नका. त्याने वेगळा व्हिडिओ तयार होतो आणि आपण सुरुवातीलाच टाळलेली गोष्ट हाताने घडते.

आणखी एक, तुमच्या बाबतीत जवळ आलेली गोष्ट. ज्या व्हिडिओला एक लाखाहून जास्त व्ह्यूज आहेत त्यात असे बदल जतन करता येतीलच असं नाही. चेहरे धूसर करणं तेवढं चालतं. चॅनेलला जाहिरातींचं उत्पन्न चालू असेल, म्हणजे ते पार्टनर प्रोग्राममध्ये असेल, तर ही अट नाही. तुमचा ९१ हजारांवर आहे. दिवाळीपर्यंत थांबला असतात तर कदाचित हा मार्ग बंद झाला असता.

सुगंधा_माणदेश

चॅनेलला उत्पन्न वगैरे काही नाही, आजीचे पाचच व्हिडिओ आहेत. आज रात्रीच बसते.

लेकुरवाळी

अनलिस्टेड केलं तर? आमच्या बालवाडीचे सगळे कार्यक्रम आम्ही अनलिस्टेड ठेवतो. लिंक असणारे पालक बघतात, कमेंटही करतात, बाहेरच्यांना सापडत नाही.

तारायंत्र

लेकुरवाळी, बालवाडीसाठी ते चालेल. अनलिस्टेडमध्ये कमेंट आणि जुन्या लिंका दोन्ही जिवंत राहतात, व्हिडिओ फक्त शोधात आणि चॅनेलच्या यादीत येत नाही. पण सुगंधाताईंच्या व्हिडिओची लिंक हजारो लोकांच्या मोबाईलमध्ये आधीच आहे. आत्याच्या सासरच्यांकडेही असणार. त्यांच्यासाठी अनलिस्टेड म्हणजे काहीच बदललं नाही. शिवाय कुणीही अनलिस्टेड व्हिडिओ स्वतःच्या सार्वजनिक प्लेलिस्टमध्ये टाकला की तिथून तो अनोळखी माणसालाही दिसतो. लहान मुलांचे कार्यक्रम असतील तर याचा विचार करा.

ग्रंथपाल_सोलापूर

अनलिस्टेडवरून एक आठवण. आमच्या वाचनालयाने २०१४-१५ मध्ये व्याख्यानमालेचे व्हिडिओ अनलिस्टेड टाकून लिंका स्मरणिकेत छापल्या होत्या. २०२१ च्या जुलैत यूट्यूबने १ जानेवारी २०१७ पूर्वीचे अनलिस्टेड व्हिडिओ सुरक्षेच्या कारणाने प्रायव्हेट केले. मालकाला आधी मेल होता आणि नको असेल तर तसं कळवायची सोय होती. पण आमचं खातं ज्यांच्या नावावर होतं ते संस्था सोडून गेलेले, मेल कुणी वाचलाच नाही. स्मरणिकेतल्या सगळ्या लिंका एका दिवसात मेल्या. दीड वर्षाने खात्याचा पासवर्ड मिळाला. पब्लिक केल्यावर त्याच छापील लिंका पुन्हा चालू झाल्या, खालच्या कमेंटही आल्या. डिलीट झाले असते तर आज छापील पान उरलं असतं आणि व्याख्यान गेलं असतं.

सुगंधाताई, तुमच्या कमेंटमधल्या ओव्यांबद्दल मला फार वाटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात गाणारणीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. तुमच्या एक्सेलमध्येही गावाचा रकाना करा. जिथे बाईंनी गाव लिहिलंय तिथे भरा, नाही तिथे विचारा. व्हिडिओ पब्लिक झाला की त्याच कमेंटखाली उत्तर देऊन विचारता येईल.

मृण्मयी_डोंबिवली

पण त्या बायकांना न विचारता त्यांची नावं आपल्या फाइलमध्ये ठेवायची? त्यांनी कमेंट पुसली तर ती आपल्याकडे तशीच राहणार. आत्याचं बोलणं जसं आत्याचं, तसं त्यांचं लिहिलेलं त्यांचं.

ग्रंथपाल_सोलापूर

मुद्दा बरोबर आहे. घरी जपणं वेगळं आणि पुढे छापणं वेगळं, असं मला वाटतं. छापायचं झालं तर प्रत्येकीला विचारायला हवंच. जी पुसेल तिचं आपणही काढायचं का, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुगंधा_माणदेश

रात्री एकला `Save` केलं, सकाळी सातला कापलेला व्हिडिओ तयार होता. दोनदा पूर्ण ऐकला. पहिल्यांदा १४:३५ वर कापलं होतं तेव्हा "गं बाई" मधला "गं" गेला होता, म्हणून मूळ रूपावर परत जाऊन १४:३४ ला कापलं. पुन्हा चार तास लागले, पण सांधा आता कळत नाही. दुपारी पब्लिक केला आणि जीव मुठीत धरून खाली सरकवलं. ४१२ कमेंट! अकराच्या अकरा जणी जागेवर आहेत. आमच्या गल्लीच्या ग्रुपातली २०१९ ची लिंक दाबून पाहिली, तीही उघडली.

एक गोष्ट मात्र मला सुचली नव्हती. बायकांनी "१९:४८ ची ओवी आमच्या आईची" असं वेळेसकट लिहिलंय. त्या निळ्या आकड्यावर दाबलं की आता भलतीच ओवी लागते.

तारायंत्र

हो, हे मीच आधी सांगायला हवं होतं. कमेंटमधला आकडा हा फक्त मजकूर असतो, तो आपोआप सरकत नाही आणि दुसऱ्याची कमेंट तुम्हाला दुरुस्त करता येत नाही. तुम्ही २ मिनिटं २४ सेकंद कापलीत. म्हणजे १९:४८ ची ओवी आता १७:२४ ला आहे. वर्णनात तुम्ही वेळा दिल्या असतील तर त्या बदला, त्या तुमच्या हातात आहेत. बाकीच्यांसाठी एक कमेंट लिहून वर पिन करा.

सुगंधा_माणदेश

केली. "काही घरगुती बोलणं काढलं आहे. १४:३४ नंतरच्या जुन्या वेळांतून २ मिनिटं २४ सेकंद वजा करून ऐकावं." वेळ लिहिलेल्या २६ कमेंट आहेत, प्रत्येकीखाली नवी वेळ उत्तरात देते आहे. नऊ झाल्या.

बाळू_निंबाळकर

ताई, व्हॉट्सॲपवर ज्यांनी शेअर केलाय त्यांच्याकडे काय दिसणार? माझ्याकडे आमच्या मावशीने पाठवलेला तुमचाच व्हिडिओ निघाला, आजींचा फोटो आणि नाव अजून दिसतंय.

तारायंत्र

तो फोटो आणि मथळा पाठवणाऱ्याच्या फोनवर मेसेज पाठवतानाच तयार होतो आणि मेसेजबरोबर जातो. व्हिडिओ नंतर प्रायव्हेट झाला, डिलीट झाला, मथळा बदलला, तरी जुन्या मेसेजमधलं चित्र तसंच राहतं. दाबल्यावर मात्र यूट्यूबवर आज जे आहे तेच लागतं, म्हणजे कापलेलं. लिंक पाठवलेल्यांची चिंता नको. ज्यांनी व्हिडिओची फाइलच उतरवून पाठवली किंवा स्टेटसला तुकडा ठेवला, त्यांच्या प्रतीला यूट्यूबवरच्या कुठल्याही बटणाचा स्पर्श होत नाही. "सर्वांसाठी डिलीट" हेही ज्याने पाठवलं त्याला दोन दिवसांहून थोड्या जास्त वेळातच करता येतं, ग्रुपात असेल तर ग्रुपच्या ॲडमिनलाही.

सुगंधा_माणदेश

आत्याच्या पुतण्याकडे तोच दोन मिनिटांचा तुकडा फाइल म्हणून आहे, असं आज कळलं. त्याला आत्याचे यजमान स्वतः फोन करणार आहेत.

आणि तारायंत्रदादा, मी मूळ रूपावर परत जाऊ शकले, म्हणजे आत्याचं ते बोलणं अजून माझ्या खात्यात कुठेतरी आहे ना? आत्याने विचारलं तर मी काय सांगू?

तारायंत्र

खरं तेच सांगा. बाहेरच्या कुणाला ते दिसत नाही, ऐकू येत नाही. पण तुमच्या खात्यातून मूळ रूप परत आणता येतं, म्हणजे ते पूर्ण गेलेलं नाही. खात्यात दुसरं कुणी आहे का ते बघा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मूळसुद्धा जायला हवं असेल तर व्हिडिओ डिलीट करणं हा एकच मार्ग मला माहीत आहे, आणि मग त्या अकरा जणीही जातात.

सुगंधा_माणदेश

रविवारी आत्याकडे जातेय. कापलेला व्हिडिओ तिला स्वतः दाखवते, कमेंट वाचून दाखवते आणि हेही सांगते. ती म्हणेल तसं करीन.